मोबाइलमध्ये पाव गुंज, बाकीचे कपाटात

गेल्या शाबानमध्ये आम्ही भोरला एका नातेवाइकांच्या घरी गेलो होतो. भाताचे एक खाचर विकून आलेले पैसे घरात होते. धाकट्या मुलीचा निकाह दोन वर्षांवर आला होता. थोरला मुलगा म्हणत होता, "अब्बा, सगळ्याचं सोनं घेऊन ठेवू. मोबाइल, कॉम्प्युटर, टीव्ही, सगळ्यांत सोनं लागतं. कारखाने सोनं घेतच राहणार, म्हणजे भाव खाली येणारच नाही." अब्बांना ते पटत होते. खाला मात्र गप्प होत्या. शेवटी त्यांनी आम्हालाच विचारले, "भाई, एका मोबाइलात सोनं असतं तरी किती?"

प्रश्न साधा होता आणि नेमका होता. सोने घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. पण मुलाने दिलेले कारण खरे आहे का, हे तपासता येते. आम्ही तिथेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मोबाइलमध्ये सोने असते, यात शंका नाही. सिमकार्डावरचे पिवळे चौकोन, चार्जरची पिन जिथे बसते तिथले संपर्कबिंदू आणि आतल्या चिपला जोडणाऱ्या काही तारा यांत ते वापरतात. तांब्यावर हिरवट थर चढतो, चांदी काळी पडते, पण सोने गंजत नाही. त्यामुळे जोड वर्षानुवर्षे पक्का राहतो. मात्र हा मुलामा केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. जुन्या मोबाइलांच्या पुनर्वापराचा एक नेहमीचा हिशेब असा, की दहा लाख मोबाइलांतून सुमारे 34 किलो सोने निघते. म्हणजे एका मोबाइलात 34 मिलिग्रॅम. आपल्या सराफी मापात सांगायचे तर एका तोळ्याच्या 96 गुंजा, आणि मोबाइलात पाव गुंजेहून किंचित जास्त. एक तोळा सोने जमवायला साधारण 340 मोबाइल लागतील.

आता हाच हिशेब आपल्या भोर आणि वेल्ह्याला लावू. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे 2 लाख 40 हजार होती. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या हातात एक मोबाइल आहे असे धरले, तरी त्या सगळ्यांत मिळून सोने भरते सुमारे 8 किलो. आता पाच माणसांचे एक घर धरा, म्हणजे 48 हजार घरे झाली. प्रत्येक घरात फक्त एक तोळा सोने आहे असे समजा. ते होते सुमारे 560 किलो, मोबाइलांतल्या सोन्याच्या जवळजवळ सत्तर पट. घरटी एक तोळा हा आमचा अंदाज आहे, मोजणी नाही. पण घरटी एकच ग्रॅम धरला, तरी 48 किलो होतात आणि मोबाइल सहा पटींनी मागेच राहतात.

जगाचा हिशेबही याच वळणाचा आहे. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या 2024 च्या आकड्यांनुसार दागिने घडवायला सुमारे 2,000 टन सोने लागले. बिस्किटे, नाणी आणि गुंतवणूक फंड यांत सुमारे 1,180 टन गेले. देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांनी हजार टनांहून अधिक घेतले. सगळ्या उद्योगांना मिळून लागले 326 टन, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्सचे होते सुमारे 270 टन. म्हणजे शंभर तोळ्यांतले जेमतेम सात तोळे उद्योगाकडे गेले. त्याच वर्षी एकट्या भारतातल्या घरांनी साडेपाचशे टनांहून अधिक दागिने घेतले. आपल्या देशातल्या लग्नसराईची भूक जगभरच्या कारखान्यांहून मोठी आहे.

यावर मुलगा म्हणाला, "पण मोबाइल तर वाढतच चाललेत!" मोबाइल वाढले, हे खरे. तरीही उद्योगाची मागणी वाढली नाही. 2010 मध्ये ती 450 टनांच्या वर होती, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त. भाव चढला की कारखानदार मुलामा आणखी पातळ करतो, किंवा चिपमधली सोन्याची तार काढून तांब्याची घालतो. गेल्या दीड दशकात हेच होत आले आहे. कारखान्याला सोन्याची ओढ नसते. त्याला चालणारा जोड हवा असतो, आणि तो स्वस्तात झाला तर उत्तमच.

भाव कोण हलवते, ते 2013 साली दिसले. त्या वर्षी जगात पहिल्यांदाच शंभर कोटींच्या आसपास स्मार्टफोन विकले गेले. तरीही डॉलरमधला सोन्याचा भाव एका वर्षात चौथ्या हिश्शाहून अधिक पडला, कारण पाश्चात्त्य गुंतवणूकदारांनी फंडांतून आठशे टनांहून जास्त सोने काढून विकले. कारखान्यांची खरेदी चालूच होती, पण ती भाव सावरू शकली नाही. आपल्याकडे रुपया घसरला आणि सरकारने आयात शुल्क 10 टक्क्यांपर्यंत नेले, म्हणून ती पडझड कमी जाणवली.

चांदीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या मागणीचा अर्ध्याहून मोठा वाटा सौर पॅनेल, विजेची उपकरणे अशा उद्योगांचा असतो. मुलाचे म्हणणे चांदीबद्दल असते, तर त्यात निदान काही तथ्य होते. सोन्यामागे उभा असतो तो लोकांचा विश्वास. ज्या दिवशी मोठे गुंतवणूकदार किंवा बँका हात आखडता घेतील, त्या दिवशी भाव टेकवून धरायला कारखाना येणार नाही.

जुने मोबाइल फोडून सोने काढू, असाही विचार कोणी करते. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने 2017 ते 2019 या दोन वर्षांत 62 लाख मोबाइल आणि हजारो टन इतर जुनी उपकरणे गोळा केली. त्यातून सोने निघाले सुमारे 32 किलो. तेही मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांत. घरात किंवा परसात तेजाबाने हे काम करणाऱ्याच्या हाती सोन्याआधी विषारी धूर येतो. बाजारात परत येणाऱ्या जुन्या सोन्याचा बहुतांश भाग मोडलेल्या दागिन्यांचाच असतो. बावीस कॅरेटची पाटली वितळवली, तर वजनाच्या 91.6 टक्के सोने हाती येते.

शरीअतनेही सोन्याकडे साठवलेले धन म्हणूनच पाहिले आहे. त्याचा निसाब साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम, आणि जकात अडीच टक्के. अंगावर वापरायच्या दागिन्यांवर हनफी मसलकात जकात आहे. घाट उतरून महाडकडे गेलो, की शाफई कोकणी घरांत मर्यादेतल्या वापराच्या दागिन्यांवर ती धरत नाहीत. आपापल्या आलिमांना विचारून हिशेब करावा.

त्या रात्री अब्बांनी ठरवले, की मुलीसाठी लागतील तेवढेच दागिने आता करायचे. घडणावळीचे पैसे मोडीत परत मिळत नाहीत, तेव्हा नक्षी कमी आणि वजन खरे. उरलेले पैसे विहिरीसाठी आणि दोन वर्षांनंतरच्या खर्चासाठी वेगळे ठेवायचे. मुलगा थोडा नाराज होता. खालांनी कपाटातून तीन जुने मोबाइल काढून त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "घे. पाऊण गुंज झाली. आता फक्त तीनशे सदतीस राहिले!"