वर्गणीच्या वहीतला शब्द

पेडण्यात जत्रा असो की फेस्त, वर्गणीची वही घरोघरी फिरतेच. कोणी रोख देतो, कोणी म्हणतो, "माझे पाच हजार लिहून ठेवा, मागाहून देतो." समजा, त्याने दिलेच नाहीत. कमिटी कोर्टात जाऊन ते वसूल करू शकते का?

बहुतेकदा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात वचनाला दुसरी बाजू लागते. तिला 'प्रतिफल' म्हणतात. आपल्या बोलीत मोबदला. मी काही द्यायचं, तर माझ्या सांगण्यावरून तुम्हीही काही दिलं, केलं किंवा करायचं टाळलं पाहिजे. ते माझ्याच फायद्याचं असावं असंही नाही. पण काहीच नसेल तर उरतो नुसता चांगला हेतू, आणि कोर्ट हेतूची वसुली करत नाही. मला हे आधी फार कोरडं वाटलं होतं. मग दोन जुने निकाल वाचले.

पहिला अलाहाबाद हायकोर्टाचा, १९१४ चा. मशिदीच्या दुरुस्तीसाठी एकाने पाचशे रुपये देईन म्हटलं होतं. तो वारला, म्हणून त्याच्या वारसांवर दावा झाला. पण त्याच्या शब्दावर विसंबून दुरुस्ती सुरूच झाली नव्हती. दावा फेटाळला गेला.

दुसरा त्याआधीचा, कलकत्ता हायकोर्टाचा, १८८६ चा. हावड्याला टाऊन हॉल बांधायचा होता. एकाने शंभर रुपयांवर सही केली. पुरेशी वर्गणी जमतेय हे पाहून बांधकामाचं कंत्राट दिलं गेलं. त्यानंतर गृहस्थ फिरले. कोर्टाने त्यांना शंभर रुपये भरायला लावले. पैसे कशासाठी आहेत आणि त्यांच्या भरवशावर कंत्राटदाराशी करार होणार, हे त्यांना सही करताना ठाऊक होतं. कमिटीने अंगावर घेतलेली ती जबाबदारी, तेच प्रतिफल.

दोन्हीकडे काम धर्मादायच, शब्दही तसाच. फरक इतकाच, की एकीकडे त्या शब्दावर कोणी काही अंगावर घेतलं आणि दुसरीकडे नाही. म्हणून आपल्या चॅपलचं छप्पर बदलायचं झालं, तर वहीत नुसतं 'चॅपलसाठी' न लिहिता कोणतं काम आणि या वर्गणीवर कंत्राट दिलं जाणार, हे सहीच्या वर लिहावं. कंत्राट सहीनंतर द्यावं. आधीच बांधून झालेल्या भिंतीसाठी नंतर घेतलेली सही तितकी कामाची नाही, कारण ती भिंत काही त्याच्या शब्दावर उभी राहिलेली नसते.

कलम २५ मध्ये थोडे अपवाद आहेत. जवळच्या नात्यात मायेपोटी दिलेलं वचन लेखी आणि नोंदणी केलेलं असेल, तर ते मोबदल्याशिवायही बांधतं. मामाने लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर "तुझ्या एमएचा खर्च माझा" म्हटलं, तर ते यात बसत नाही. मात्र त्याने फी भरून टाकली, तर मोबदला नव्हता म्हणून ती परत मागता येत नाही; दिलेली देणगी ती दिलेलीच.