स्टेटस कधी टाकायचं? आधी शिलाईची वही उघडा

गौरीपूजनाच्या दिवशी खणाच्या ब्लाउजचा देखणा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला, की त्यावर बदाम भरपूर येतात. काम मात्र येत नाही. ज्यांना गौरीसाठी ब्लाउज हवा होता, त्यांनी तो तीन-चार आठवड्यांपूर्वीच कुणाकडे तरी शिवायला टाकलेला असतो. घरी शिलाई करणाऱ्या अनेकजणी ‘किती वाजता टाकलं की जास्त लोक बघतात?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. खरं तर तास ठरवणं सोपं आहे. त्याआधी तारीख ठरवायला हवी, आणि ती तारीख शिलाईच्या वहीतून निघते.

डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीत घरूनच ब्लाउज शिवणारी बाई डोळ्यांसमोर आणू. घरचं सगळं सांभाळून तिचे दिवसाला अस्तराचे दोन ब्लाउज होतात. रविवारी मशीन बंद. म्हणजे आठवड्याला बारा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि गौरीपूजन १ सप्टेंबरला. ब्लाउज चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी हातात पडला, तरच बाही सैल करायला किंवा टिप उसवून पुन्हा घालायला वेळ राहतो. म्हणून तिची शेवटची तारीख शनिवार, २३ ऑगस्ट. गौरीसाठी तीस ब्लाउज घ्यायचे ठरवले, तर पंधरा दिवस शिवायला हवेत. रविवार आणि ९ तारखेची राखीपौर्णिमा सोडून मागे मोजत गेलं, की पहिला ब्लाउज ६ ऑगस्टला मशीनवर चढायला हवा. कापड त्याच्या आदल्या दिवसापर्यंत घरात आलेलं हवं.

आता गिऱ्हाईक स्टेटस बघून लगेच कापड घेऊन येत नाही. साडी काढायची, ब्लाउजपीस कापून घ्यायचा, मॅचिंग सेंटरमधून अस्तर आणायचं, मापाचा ब्लाउज शोधायचा, यात आठ-पंधरा दिवस सहज जातात. म्हणजे गौरीच्या ब्लाउजचे फोटो दिसायला हवेत ते २० जुलैच्या सुमारास, आषाढ संपता संपता, दीपपूजेच्याही आधी. फोटो अर्थातच गेल्या वर्षीच्या कामाचे. एकेका हंगामातल्या चांगल्या कामाचे दहा-बारा फोटो वेगळे ठेवणाऱ्या बाईला पुढच्या वर्षी फोटोंसाठी धावाधाव करावी लागत नाही.

किती वेळा टाकायचं, हेही याच हिशोबातून ठरतं. २० जुलै ते ५ ऑगस्ट हे सोळा-सतरा दिवस रोज एक-दोन फोटो टाकायला हरकत नाही, कारण जागा भरायच्या आहेत. तीस ब्लाउज लिहून झाले, की मात्र नवीन डिझाइन दाखवणं थांबवावं आणि ‘गौरीच्या ऑर्डर पूर्ण, नवरात्रासाठी कापड घेणं सुरू’ एवढंच सांगावं. जागा भरल्यावरही रोज नवा गळा दाखवत राहिलं, तर ‘माझा एकच शिवून दे गं ताई’ असे फोन येत राहतात. एकीला हो म्हटलं की दुसरीची तारीख चुकते. तारीख चुकलेलं गिऱ्हाईक बहुधा काही बोलत नाही, पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

सगळ्यात अडचणीचा असतो गणपती आणि घटस्थापनेमधला काळ. त्या वर्षी ८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला आणि २२ तारखेला घट बसले. पितृपक्षात अनेक घरांत नवं कापड घेत नाहीत, शिवायलाही टाकत नाहीत. पण नवरात्राचे नऊ रंग डोक्यात असलेल्या, ऑफिसला जाणाऱ्या बायकांचे ब्लाउज नेमके याच पंधरवड्यात शिवून व्हायला हवेत. त्यामुळे कापड गोळा करायला मिळतात ते गौरीविसर्जनानंतरचे पाच-सहा दिवस. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ स्टेटस टाकलं तरी कुणाला त्रास वाटत नाही. पितृपक्षात मग आठवड्याला दोनदा, तेही फॉल-पिको आणि जुने ब्लाउज मापाला करून देण्याबद्दल टाकलं तरी पुरे.

एरवीच्या, सण नसलेल्या दिवसांत आठवड्याला तीन वेळा पुष्कळ झालं. एका वेळी दोन-तीन फोटो बास: एक समोरून, एक पाठीचा गळा, एक जवळून, काज-हुक किंवा पायपिंगची सफाई दिसेल असा. एकदम वीस फोटो टाकले तर लोक भराभर पुढे सरकवतात किंवा ते स्टेटस म्यूट करतात, आणि म्यूट केल्याचं टाकणाऱ्याला कळत नाही. बघणाऱ्यांचा आकडा आठवड्यामागून आठवडा घसरत गेला, तर तीच एक खूण. रीड रिसिप्ट बंद ठेवणारे या यादीत दिसत नाहीत, म्हणून आकड्यापेक्षा त्याची दिशा बघावी.

राहिला तासांचा प्रश्न. स्टेटस चोवीस तास टिकतं. रात्री नऊला टाकलेलं स्टेटस जेवणं उरकून फोन हातात घेणारीला दिसतं, सकाळी लोकलमध्ये बसलेलीला दिसतं आणि दुपारी घर शांत झाल्यावर आडवी झालेल्या गृहिणीलाही दिसतं. रात्रीची वेळ चांगली असण्याचं आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच मोठं: त्या वेळी शिवणारीचे हात मोकळे असतात. ‘शिलाई किती? कधी मिळेल?’ हे प्रश्न बहुतेक पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात येतात. दुपारी अडीचला स्टेटस टाकून कापड बेतायला बसलं, तर एक तर उत्तर राहतं किंवा कात्री चुकते. फोटो मात्र दिवसाच काढावा, सकाळी खिडकीपाशी. ट्यूबलाइटखाली मोरपंखी रंग निळा दिसतो आणि मग रंगावरून वाद होतात. नवरीच्या ब्लाउजचा फोटो काढून ठेवावा, पण लग्न लागून गेल्यावर आणि तिला विचारूनच टाकावा.

इन्स्टाग्रामचं गणित वेगळं आहे. तिथे पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसत नाहीत, त्यामुळे नेमक्या मिनिटाला फारसा अर्थ नाही. प्रोफेशनल अकाउंटच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर्स कोणत्या शहरांतले आहेत आणि कोणत्या वेळी ॲपवर असतात, हे दिसतं. आधी शहर पाहावं. माप द्यायला येऊ शकेल असं गिऱ्हाईक डोंबिवली-ठाकुर्ली-कल्याणचंच असणार. बाहेरगावच्या हजार लाइक्समधून शिलाई मिळणं कठीण. अपवाद परदेशातल्या लेकीसुनांचा, ज्या मापाचा ब्लाउज आईकडे ठेवून जातात. रात्री नऊची वेळ त्यांनाही सोयीची पडते, कारण उन्हाळ्यात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात.

तरीही प्रत्येकीचं गिऱ्हाईक वेगळं. शाळेच्या गणवेशांचं काम करणारीला आयांची दुपार सोयीची असेल. हे तपासायला मापाच्या वहीत नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: चौकशी कुठून आली आणि किती वाजता. मग सोमवार-गुरुवार-शनिवार हेच वार ठेवून एक आठवडा दुपारी, पुढचा रात्री, असं आलटून पालटून दोन महिने करावं. सलग महिनाभर दुपार आणि नंतर महिनाभर रात्र असं केलं, तर मध्ये श्रावण किंवा पितृपक्ष येतो आणि वाढलेलं काम सणामुळे की वेळेमुळे, ते कळत नाही. शेवटी लाइक्स नव्हे, घरात आलेली कापडं मोजावीत. दुपारची सात आणि रात्रीची आठ निघाली, तर फरक नाही असंच समजावं आणि स्वतःला सोयीची वेळ धरावी. दुपारची पाच आणि रात्रीची पंधरा निघाली, तर दुपार सोडून द्यावी.