मारता न येणाऱ्या मारेकरी पेशी

ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी, फार्कर आणि क्लेरो यांनी, 1952 मध्ये एकाच घरातल्या दोन तान्ह्या भावंडांची नोंद प्रसिद्ध केली. न उतरणारा ताप, वाढलेलं यकृत आणि प्लीहा, झपाट्याने घटत जाणारं रक्त, आणि शेवटी मृत्यू. शवविच्छेदनात दिसलं, की बाळांच्या शरीरातल्या भक्षक पेशींनी त्यांच्याच रक्तपेशी गिळल्या होत्या. या आजाराला आज डॉक्टर 'एचएलएच' म्हणतात. तो अनुवांशिक आहे हे तेव्हाच लक्षात आलं होतं, पण दोष कुठे आहे हे कळायला 1999 उजाडलं. काही कुटुंबांत दहाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडलेलं निघालं. ते परफोरिन नावाच्या प्रथिनाचं जनुक होतं.

हा शोध बुचकळ्यात टाकणारा होता. परफोरिन हे आपल्या संरक्षणव्यवस्थेचं हत्यार. विषाणूने बाधित झालेल्या पेशींना संपवणाऱ्या टी पेशी आणि 'नॅचरल किलर' पेशी ते वापरतात. हत्यारच नसेल तर संरक्षण लुळं पडावं, विषाणूंनी धुमाकूळ घालावा. इथे मात्र संरक्षणव्यवस्थाच पिसाळलेली दिसते. असं का, हे समजण्यासाठी एक मारेकरी पेशी काम कसं करते ते पाहावं लागेल.

बाधित पेशी आपल्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे बाळगते. ते ओळखता येणारी टी पेशी तिला येऊन घट्ट चिकटते. टी पेशीच्या आत इवल्या पुटिका असतात आणि त्यांत परफोरिन व ग्रॅन्झाइम नावाची विकरं भरलेली असतात. चिकटल्यावर काही मिनिटांत या पुटिका सरकत संपर्काच्या जागी येतात आणि दोन पेशींमधल्या फटीत रिकाम्या होतात. पुटिकेतलं वातावरण आम्ल असल्यामुळे तिथे परफोरिन निपचित असतं. बाहेरच्या फटीत आम्लता नसते, कॅल्शियम भरपूर असतं, आणि तिथे ते जागं होतं. त्याचे वीसएक रेणू एकमेकांना जोडून समोरच्या पेशीच्या पटलात एक कडं बसवतात. या कड्याचं भोक साधारण सोळा-सतरा नॅनोमीटर रुंद असतं. ग्रॅन्झाइमचा रेणू त्याच्या मानाने बराच लहान, त्यामुळे तो सहज आत शिरतो. फटीत हत्यार मोकळं सुटलेलं असताना मारेकरी पेशी स्वतः कशी वाचते? तिच्या पटलातले स्निग्ध रेणू इतके दाटीने बसलेले असतात की परफोरिनला कडं बसवायला जागाच मिळत नाही. शिवाय पटलावरच्या ऋण भारामुळे जे परफोरिन चिकटतं तेही निकामी होतं.

भोक पडलं म्हणून पेशी मेली, असं मात्र होत नाही. भोकातून कॅल्शियम आत घुसतं, त्यानेच पेशी सावध होते आणि एक-दोन मिनिटांत पटल दुरुस्त करून टाकते. तेवढा वेळ ग्रॅन्झाइमला पुरतो. (ग्रॅन्झाइम थेट या भोकातून जातं, की पेशी आधी त्याला पटलाच्या घडीत गिळते आणि मग आत भोक पडतं, यावर संशोधकांत बरीच वर्षं वाद झडला.) माणसात ग्रॅन्झाइमचे पाच प्रकार आहेत. त्यांतलं ग्रॅन्झाइम बी सर्वांत अभ्यासलेलं. त्याची कात्री ठरावीक जागीच चालते, अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या पुढे. कॅस्पेज ही पेशीची स्वतःची विकरंही याच जागी कापतात. ग्रॅन्झाइम बी निद्रिस्त कॅस्पेज-3 कापून त्याला जागं करतं. शिवाय ते 'बिड' नावाचं प्रथिन कापतं. त्याचा तुकडा मायटोकॉन्ड्रियावर जाऊन तिथलं पटल उघडतो, आणि तिथून आणखी कॅस्पेज जागी होतात. यापुढे पेशी स्वतःच स्वतःला मोडते: डीएनएचे तुकडे होतात, पेशी आक्रसते आणि तिचे पुडके सुटे होतात. अपॉप्टोसिस म्हणतात तो हाच.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2015 मध्ये हा प्रसंग सूक्ष्मदर्शकाखाली सलग पाहिला, आणि 1999 चं कोडं तिथे बरंचसं सुटलं असं मला वाटतं. समोरच्या पेशीत कॅस्पेज कामाला लागली की मारेकरी पेशी तिला सोडून पुढच्या सावजाकडे जाते. म्हणजे सुटण्याचा इशारा मरणाऱ्या पेशीकडून येतो. परफोरिन नसेल तर समोरची पेशी मरत नाही, इशारा येत नाही आणि मारेकरी पेशी सुमारे पाचपट वेळ चिकटून राहते. चिकटलेली असेपर्यंत ती गॅमा इंटरफेरॉनसारखी दाहक द्रव्यं ओतत राहते. त्यांनी चेतवलेल्या भक्षक पेशी मग रक्तपेशींवर तुटून पडतात. तो ताप आणि ती फुगलेली प्लीहा हे अपुऱ्या राहिलेल्या हत्येचे परिणाम आहेत.

निदान करताना डॉक्टर बाळाच्या रक्तातल्या फेरिटिनची चढलेली पातळी पाहतात, आणि फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीत नॅचरल किलर पेशींमध्ये परफोरिन आहे की नाही हे शोधतात. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा तपासण्या होतात. परफोरिन दिसलं तरी प्रश्न संपत नाही. हत्यार आहे पण पुटिका रिकामीच होत नाही, असाही दोष असतो. पुटिका बाहेर उघडली की तिच्या आतल्या बाजूचं एक प्रथिन, सीडी107ए, पेशीच्या पृष्ठभागावर येतं. ते आलं नाही, तर अडचण पुटिका सोडणाऱ्या यंत्रणेत आहे हे कळतं.

उपचार ऐकून नवखा माणूस चक्रावतो. ज्या बाळाच्या पेशींना मारता येत नाही, त्याला पेशी मारणारं इटोपोसाइड आणि जोडीला स्टेरॉइड देतात, कारण तातडीने गप्प करायच्या असतात त्या पेटलेल्या टी पेशीच. कायमचा इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. त्यातही पेशींपैकी साधारण वीस-तीस टक्के दात्याच्या असल्या तरी आजार सहसा पुन्हा डोकं वर काढत नाही. थोड्या सक्षम मारेकरी पेशी सगळ्यांचं काम उरकतात.

मारेकरी पेशींकडे दुसरी वाट असताना ती या बाळांना का वाचवत नाही? ही वाट मृत्युरिसेप्टरची. अनेक पेशींच्या पृष्ठभागावर 'फास' नावाचा रिसेप्टर असतो. टी पेशीवरचं जोडीचं प्रथिन त्याला भिडलं की फासचे रेणू एकत्र येतात, आतल्या बाजूला फॅड नावाच्या प्रथिनाद्वारे कॅस्पेज-8 जवळ ओढली जाते, आणि एकमेकींजवळ आल्यानेच ती जागी होते. पुढे तीच कॅस्पेज-3. यकृतासारख्या काही पेशींत हा इशारा एकटा पुरत नाही, तिथे बिडची मदत लागते. म्हणजे दोन्ही वाटा आत गेल्यावर एकाच ठिकाणी मिळतात. पण ही वाट संथ आहे, आणि समोरच्या पेशीवर फास असेल तरच उपयोगी. स्वित्झर्लंडमध्ये 1994 साली परफोरिन नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. फास शाबूत असूनही त्यांना एलसीएम नावाचा विषाणू हटवता आला नाही.

फासचं खरं काम कुठे आहे हे वेगळ्या मुलांकडून कळलं. 1995 मध्ये फासच्या जनुकात दोष असलेली मुलं सापडली. त्यांना विषाणूंशी लढताना फारशी अडचण येत नाही. त्यांच्या मानेतल्या, काखेतल्या लसीका ग्रंथी आणि प्लीहा मात्र वर्षानुवर्षं सुजलेल्या राहतात, कारण लढाई संपल्यावर ज्या लिम्फोसाइट फासच्या वाटेने मरायला हव्या त्या मरत नाहीत. काही पेशी स्वतःच्याच रक्तावर उलटतात आणि हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरतात. सीडी4 आणि सीडी8 दोन्ही नसलेल्या टी पेशी वाढलेल्या दिसल्या की डॉक्टरांना संशय येतो. वयानुसार ग्रंथींची सूज बहुधा ओसरत जाते. लिम्फोमाचा धोका मात्र टिकून राहतो, म्हणून या मुलांची तपासणी मोठेपणीही चालू ठेवावी लागते.