दिसेल अशी होम स्क्रीन

नजर अधू झाली आणि फोनच्या होम स्क्रीनवरचे वाचता येईना, की अक्षर लहान आहे असेच घरातल्या सगळ्यांना वाटते. मग सेटिंगमध्ये जाऊन अक्षर शेवटच्या टोकापर्यंत मोठे केले जाते आणि तरीही अडचण तशीच राहते. वयस्क डोळ्याला आकाराइतकीच, काही वेळा त्याहून जास्त, गरज असते ती अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाची. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागलेल्या एका कारकुनाचे उदाहरण घेतले, तर हे नीट समजते.

चष्मा लावला की या गृहस्थांना वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत होते. फोनवर मात्र व्हॉट्सॲप समजून भलत्याच आयकॉनवर बोट पडे. फोन सॅमसंगचा, अँड्रॉइडवर चालणारा. वॉलपेपर म्हणून नातीने लावलेला शेवंतीच्या पिवळ्या फुलांचा फोटो, त्यावर एका ओळीत पाच आयकॉन आणि प्रत्येकाखाली बारीक पांढरे नाव. फोटो सुंदर होता, पण दोष त्यातच होता.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ आणि पिवळसर होते. आत येणारा प्रकाश त्यात विखुरतो, त्यामुळे फिके-गडद यांतला फरक पुसट होतो आणि निळ्या छटा मंदावतात. मोतीबिंदू नसला तरी साठीच्या डोळ्यात दृष्टिपटलापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश असतो. पडद्यावरच्या दोन रंगांतला फरक मोजण्याचे एक प्रमाण ठरलेले आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर ते २१ येते. वेबपानांसाठीच्या सुगम्यता नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ मागितले जाते. गर्द पिवळ्यावर पांढरे अक्षर असेल, तर हा आकडा जेमतेम १.०७ भरतो. असे अक्षर कितीही वाढवले तरी ते मोठे आणि अदृश्यच राहणार.

म्हणून पहिले काम वॉलपेपर बदलण्याचे. सपाट, एकाच गडद रंगाचा, शक्यतो काळा किंवा काळपट निळा वॉलपेपर लावला की पांढरी नावे उठून दिसतात. डोळ्यांत येणारा एकूण उजेड कमी झाल्याने मोतीबिंदूच्या डोळ्याला दिपल्यासारखे होणेही कमी होते. फोटोचा मोह सुटत नसेल तर तो लॉक स्क्रीनवर ठेवावा. तिथे वाचायचे असते ते फक्त घड्याळ. मात्र काळ्यावर पांढरे अक्षर सर्वांनाच मानवते असे नाही. काहींना, विशेषतः चष्म्याच्या नंबरात तिरकस दोष असलेल्यांना, पांढऱ्या अक्षराच्या कडा पसरल्यासारख्या दिसतात. त्यांनी फिक्या, सपाट रंगावर गडद अक्षर करून पाहावे. निवड दुपारच्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली अशी दोन्ही वेळा तपासावी, कारण एका उजेडात पटलेली जोडी दुसऱ्या उजेडात निरुपयोगी ठरू शकते.

रंगाच्या बाबतीत एक फसगत हमखास होते. Wallpaper and style मध्ये Color palette निवडून तो रंग ॲपच्या आयकॉनांनाही देता येतो. सगळे आयकॉन एकाच छटेत नटतात आणि पडदा शिस्तीत दिसतो. या कारकुनानेही ते करून पाहिले, आणि फोन पहिल्यापेक्षा जास्त परका झाला. अधू नजरेचा माणूस आयकॉन वाचत नाही, रंगाने ओळखतो: हिरवे ते व्हॉट्सॲप, जांभळे ते फोनपे. रंगच काढून घेतला तर ती खूण जाते. अशा वेळी आयकॉनचे मूळ रंग राखावेत आणि बदल फक्त मागच्या रंगात करावा. गूगलच्या बऱ्याच ॲपचे आयकॉन त्याच चार रंगांत असतात. त्यांतला जो रोज लागतो तेवढाच पडद्यावर ठेवणे बरे.

आता आकार. फोनमध्ये आकाराची दोन वेगळी नियंत्रणे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. Font size फक्त अक्षरे वाढवते, तर Screen zoom बटणांसकट सगळेच वाढवते. दोन्ही टोकाला नेली की पडद्यावर मजकूर मावेनासा होतो. या फोनवर मुलाने तसे केले, तेव्हा बँकेच्या ॲपमधले पुढे जाण्याचे बटण कीबोर्डखाली दडले आणि आयकॉनखालची नावे अर्धवट तुटली. देवनागरीत आणखी एक तोटा दिसतो. वेलांटी आणि उकार यांना वरखाली जागा लागते; ती नसेल तिथे मात्रा कापल्या जातात. Bold font ने फिके अक्षर भरदार होते, पण लहान आकारात घ आणि ध यांच्या पोटातली जागा बुजते. म्हणून आधी आकार वाढवावा, ठळकपणा नंतर. दोन्ही पट्ट्या एकेक पायरी सरकवून प्रत्येक वेळी बँकेचे ॲप उघडून पाहणे ही खरी चाचणी.

होम स्क्रीनवरच्या आयकॉनांचा आकार मुख्यतः ग्रिडवर अवलंबून असतो. रिकाम्या जागी बोट दाबून धरले की होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ग्रिड सापडते. तिथे ओळीत पाचाऐवजी चार आयकॉन केले की प्रत्येकाला जास्त जागा मिळते. त्याच फोनमध्ये Easy mode ही सोयही आहे. ती मोठे आयकॉन, मोठी अक्षरे असे सगळे एकदम करते, पण पडद्याची मांडणीही बदलते. नवा फोन हातात घेणाऱ्याला ती ठीक. ज्याच्या बोटांना जुन्या जागा पाठ झाल्या आहेत, त्याने ग्रिड आणि अक्षरे हाताने बदलावीत. आमच्या कारकुनाने तेच पसंत केले. फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि बँक एवढेच पहिल्या पानावर राहिले. हयातीच्या दाखल्यासाठीचे जीवन प्रमाण ॲप नोव्हेंबरपुरते लागते, म्हणून ते आत ॲपच्या यादीत गेले.

एवढी मांडणी एका चुकीच्या दाबाने विस्कटू शकते. बोट जरा जास्त वेळ टेकले की आयकॉन जागेवरून हलतो आणि ‘ॲप गायब झाले’ अशी तक्रार येते. Lock Home screen layout चालू केले की हे थांबते. याउलट, तीनदा टिचकी मारून पडदा मोठा करण्याची सोय चालू असेल तर ती टाइप करतानाही नकळत सुरू होते. पडदा अचानक फुगून अडकल्यासारखा वाटला, तर दोन बोटांनी तो सरकवता येतो आणि पुन्हा तीन टिचक्या मारल्या की पूर्ववत होतो.

काही गोष्टी सेटिंगच्या आवाक्याबाहेरच्या असतात. आयकॉनांच्या सरळ ओळी लाटेसारख्या वाकड्या दिसू लागल्या किंवा मधलाच भाग पुसल्यासारखा झाला, तर तो दृष्टिपटलाचा विकार असू शकतो. अशा वेळी फोनशी खटपट न करता लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर पिवळसर भिंगाच्या जागी स्वच्छ भिंग येते, पांढरे पुन्हा पांढरे आणि निळे जास्त निळे दिसते. तेव्हा पडद्याची प्रखरता कमी करावी आणि रंग व आकार पुन्हा तपासून घ्यावेत.