एक्सपायरीच्या दुसऱ्या दिवशीचा पीसीआर

‘निफ्टी पीसीआर १.१७, कालचा ०.८३. बाजाराचा कल जोरदार तेजीकडे.’ शेअर बाजारात पैसे असलेल्या अनेकांच्या मोबाइलवर संध्याकाळी असा निरोप येतो. तो बहुधा कोणी हाताने टाइप केलेला नसतो. एका कोपऱ्यात चालणारी छोटीशी पायथन स्क्रिप्ट राष्ट्रीय शेअर बाजाराची, म्हणजे एनएसईची, त्या दिवसाची आकडेवारी उचलते, एक भागाकार करते आणि निरोप पाठवते. भागाकार अगदी बरोबर असतो. तरीही आठवड्यातून एक दिवस असा येतो की त्याचा अर्थ हमखास चुकतो, आणि तो निरोप वाचून कोणी दुसऱ्या दिवशी सौदा टाकला तर चुकीच्या समजुतीवर पैसे लावले जातात.

पीसीआर म्हणजे पुट-कॉल रेशो. कॉल विकत घेणाऱ्याला निफ्टी वर गेल्यास फायदा होतो आणि पुट विकत घेणाऱ्याला निफ्टी खाली आल्यास. निफ्टीची जी ठरावीक पातळी धरून हा करार होतो तिला स्ट्राइक म्हणतात आणि करार ज्या दिवशी संपतो त्याला एक्सपायरी. एका एक्सपायरीच्या सगळ्या स्ट्राइक ओळीने मांडून डावीकडे कॉल आणि उजवीकडे पुट दाखवले की झाली ऑप्शन चेन. त्यात प्रत्येक ओळीत ओपन इंटरेस्ट असतो. अजून न मिटलेल्या, उभ्या असलेल्या सौद्यांचा हा आकडा. सगळ्या पुटांच्या ओपन इंटरेस्टला सगळ्या कॉलांच्या ओपन इंटरेस्टने भागले की पीसीआर मिळतो.

एक म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. एकाच्या वर गेला तर पुट जास्त. मग पुट जास्त म्हणजे लोक घाबरलेले, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत शिकागोच्या सीबीओई बाजाराचा जो रेशो वाचला जातो, तो दिवसभरात झालेल्या उलाढालीवरून काढतात आणि तिथे वर चढलेला आकडा भीतीचाच मानतात. आपल्याकडे मात्र ओपन इंटरेस्टवरून काढलेला पीसीआर वाढला की बहुतेक लोक ‘तेजी’ म्हणतात. कारण इथे नजर पुट विकणाऱ्यावर असते. प्रत्येक उभ्या सौद्याला एक घेणारा असतो आणि एक विकणारा. घेणाऱ्याचे नुकसान फार तर प्रीमियमइतके होते. विकणाऱ्याला मात्र मोठे मार्जिन अडकवावे लागते आणि बाजार उलटला तर त्याचा भुर्दंड कुठवर जाईल सांगता येत नाही. एवढी जोखीम घेऊन कोणी पुट विकत असेल तर बाजार त्या पातळीखाली जाणार नाही असा त्याचा अंदाज असणार, असा हा तर्क.

तर्क चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. सौद्याच्या दुसऱ्या टोकाला एखादी मोठी संस्था असू शकते, जिने आपल्या शेअरांचा विमा म्हणून पुट घेतला आहे. तिला मंदी येईल असे वाटत असेलच असे नाही. ऑप्शन चेनमध्ये कोण कुठल्या टोकाला आहे हे लिहिलेले नसते. म्हणून मी पीसीआरला बाजाराच्या मनाचे वाचन म्हणून स्क्रिप्टमध्ये जरूर ठेवतो, पण त्यावरून सौदा आपोआप पडेल अशी तजवीज कधीही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता त्या चुकणाऱ्या दिवसाकडे येऊ. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी मंगळवारी असते, त्याआधी ती गुरुवारी असे. हिशेब सोपा राहावा म्हणून समजा, बाजारात दोनच एक्सपायऱ्या उभ्या आहेत: हा मंगळवार आणि पुढचा मंगळवार. आकडेही धरून चाललेले आहेत. सोमवारी संध्याकाळी या मंगळवारच्या कॉलांचा ओपन इंटरेस्ट ९०० लाख आणि पुटांचा ६३० लाख. पीसीआर ०.७०. पुढच्या मंगळवारचे कॉल ३०० लाख, पुट ३६० लाख. पीसीआर १.२०. दोन्ही एकत्र केले तर १,२०० लाख कॉल, ९९० लाख पुट, आणि एकूण पीसीआर ०.८३.

मंगळवारी जवळची एक्सपायरी संपते. बुधवारी संध्याकाळी पाहावे तर पुढच्या मंगळवारचे कॉल ४८० लाख झालेले आणि पुट ५६० लाख. पीसीआर १.१७. सगळे आकडे एकत्र करणारी स्क्रिप्ट म्हणते की पीसीआर ०.८३ वरून १.१७ वर गेला, तेजी आली. प्रत्यक्षात जे सौदे सोमवारीही उभे होते आणि बुधवारीही आहेत, त्यांचा पीसीआर १.२० वरून १.१७ वर आला. म्हणजे थोडा कमीच झाला. बाजाराचे मन बदललेले नाही. कॉलांनी भरलेला एक मोठा गठ्ठा मुदत संपल्यामुळे हिशेबातून निघून गेला, एवढेच घडले. फक्त जवळच्या एक्सपायरीचा पीसीआर घेणाऱ्या स्क्रिप्टची फसगत याहून मोठी होते: तिला ०.७० वरून १.१७ अशी उडी दिसते.

उपाय अवघड नाही. प्रत्येक एक्सपायरीचा पीसीआर वेगळा काढायचा, रोज साठवायचा आणि आजच्या आकड्याची तुलना त्याच एक्सपायरीच्या कालच्या आकड्याशी करायची. यासाठी संकेतस्थळावरच्या हलत्या ऑप्शन चेनपेक्षा बाजार बंद झाल्यावर निघणारी भावकॉपी जास्त भरवशाची. दुपारी तीनला उचललेली चेन आणि साडेतीननंतरची चेन सारखी नसते आणि स्क्रिप्ट रोज नेमक्या त्याच मिनिटाला चालेल याची खात्री नसते. एनएसईची वायदे बाजाराची भावकॉपी जुलै २०२४ पासून नव्या साच्यात येते. तिच्या स्तंभांची नावे वापरून मुख्य काम इतक्या ओळींत होते:

```python
d = pd.read_csv(f)
d = d[(d.TckrSymb == "NIFTY") & (d.FinInstrmTp == "IDO")]
d = d[d.XpryDt > d.TradDt]
d = d[(d.StrkPric / d.UndrlygPric - 1).abs() <= 0.05]
t = d.pivot_table(index="XpryDt", columns="OptnTp",
                  values="OpnIntrst", aggfunc="sum")
t["pcr"] = t.PE / t.CE
```

`IDO` म्हणजे निर्देशांकाचे ऑप्शन. तिसरी ओळ वरवर किरकोळ वाटते, पण ती महत्त्वाची आहे. मंगळवारच्या फाइलमध्ये त्याच दिवशी संपलेल्या एक्सपायरीच्या ओळीही असतात आणि त्यांच्यापुढे ओपन इंटरेस्टही असतो. त्या सौद्यांचे संध्याकाळी काहीच उरलेले नसते, म्हणून ते आधी वगळायचे. चौथी ओळ निफ्टीच्या पाच टक्के वर आणि पाच टक्के खाली एवढ्याच स्ट्राइक ठेवते. दूरच्या स्ट्राइकवर, विशेषतः लांबच्या मुदतींत, महिनोन्‌महिने न हललेले सौदे पडून असतात. आजच्या मनःस्थितीबद्दल त्यांना काही सांगायचे नसते. पाच टक्के हा माझा निर्णय आहे, कोणी तीन घेईल. एकदा ठरवले की मात्र रोज बदलू नये.

गणिताआधी आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे फाइल आजचीच आहे का. सुट्टीच्या दिवशी किंवा डाउनलोड फसल्यावर स्क्रिप्ट कालचीच फाइल पुन्हा वाचते आणि ‘कल स्थिर’ असा निरोप पाठवते. `TradDt` आजची तारीख दाखवत नसेल तर आकडा न पाठवता ‘आजची माहिती मिळाली नाही’ असे पाठवावे. सगळ्या एक्सपायऱ्यांचा पीसीआर दशांशापर्यंत कालच्याइतकाच आला, तर ती स्थिरता नसून शिळी फाइल आहे असे समजायला हरकत नाही.

एवढे करूनही आकड्यात दोन प्रकारची भेसळ उरते. पहिली स्ट्रॅडल आणि स्ट्रँगल विकणाऱ्यांची. बाजार फार हलणार नाही असे मानून हे लोक कॉल आणि पुट दोन्ही विकतात. वरच्या उदाहरणातल्या ९०० लाख कॉल आणि ६३० लाख पुटांमध्ये त्यांनी दोन्हीकडे ३०० लाखांची भर घातली, तर पीसीआर ०.७० वरून ०.७८ होतो. कोणाचेही दिशेबद्दलचे मत बदललेले नसते, तरी आकडा एकाकडे सरकतो. म्हणून नुसता रेशो न पाठवता कॉलांत किती भर पडली आणि पुटांत किती, हे दोन्ही आकडे निरोपात द्यावेत. दोन्ही बाजू एकदम फुगल्या असतील तर वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

दुसरी भेसळ किमतीची. निफ्टी दिवसभर घसरली की वरच्या स्ट्राइकवर कॉल विकणारे धावून येतात, पुट विकून बसलेले काही जण तोटा सोसून बाहेर पडतात आणि संध्याकाळी पीसीआर खाली आलेला दिसतो. मग आपण म्हणतो, पीसीआरने मंदी दाखवली. पण ती तर निफ्टीच्या आकड्याने आधीच दाखवली होती. आपली स्क्रिप्ट खरोखर काही नवे सांगते का, हे ताडायचा मार्ग प्रत्येकाला मोकळा आहे. साठवलेल्या आकड्यांतून पीसीआरमधला रोजचा बदल घ्यावा. एकदा तो त्याच दिवसाच्या निफ्टीच्या चढउताराशी जुळवून पाहावा आणि एकदा दुसऱ्या दिवसाच्या. त्याच दिवसाशी चांगला मेळ बसला आणि दुसऱ्या दिवशी तो विरून गेला, तर हातात असलेले वाचन झालेल्या गोष्टीचे आहे, होणाऱ्या नव्हे. निरोपातल्या ‘बाजाराचा कल’ या शब्दांऐवजी ‘आजची स्थिती’ असे लिहिणे मग जास्त प्रामाणिक ठरते.

१.१७ हा आकडा जास्त की कमी, याचेही उत्तर एकट्या आकड्यात नसते. एक्सपायरीला सहा दिवस उरलेले असतानाचा पीसीआर आणि एक दिवस उरलेला असतानाचा पीसीआर यांची जात वेगळी, कारण शेवटच्या दोन दिवसांत सौदे झपाट्याने मिटवले जातात आणि नवे उभे राहतात. तेव्हा बुधवारचा १.१७ मागच्या काही महिन्यांतल्या अशाच बुधवारांच्या शेजारी ठेवायचा. मंगळवारी सुट्टी आली तर एक्सपायरी आदल्या कामकाजाच्या दिवशी येते, म्हणून वारापेक्षा एक्सपायरीला उरलेले कामकाजाचे दिवस मोजणे बरे.

हा मागचा साठाही किती जुना घ्यायचा, हे बाजाराच्या नियमांवर अवलंबून आहे. सेबीच्या ऑक्टोबर २०२४ च्या आदेशानंतर प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकावर साप्ताहिक ऑप्शन ठेवता येतात. एनएसईने निफ्टी ठेवला आणि बँक निफ्टीचे साप्ताहिक सौदे नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबले. त्याआधीचा बँक निफ्टीचा पीसीआर आठवड्याच्या सौद्यांनी भरलेला होता, नंतरचा महिन्याच्या सौद्यांचा आहे. दोन्ही एकाच आलेखावर जोडून ‘दोन वर्षांतला उच्चांक’ असा निरोप पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्या महिन्यापाशी तारीख घालून साठा तोडावा लागेल आणि पुढची तुलना तिथून नव्याने सुरू करावी लागेल.