ग्रीस की तेल?

ग्रीस बोटाला घट्ट लागतं म्हणून ते 'जाड' वंगण, असं आपण म्हणतो. इथे दोन गुणांची गल्लत होते. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. डब्यावरचा 2 हा आकडा त्या जाळीचा घट्टपणा सांगतो. बेअरिंगमधला भार मात्र तेलाचा पातळ थर पेलतो, आणि तो टिकतो तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे व्हिस्कॉसिटीवर. 40 अंशांना 100 सेंटिस्टोक असलेलं खनिज तेल 100 अंशांना जेमतेम 11 उरतं.

आता 6310 बेअरिंगची मोटर घ्या. समजा, 70 अंशांपर्यंत दर 8000 तासांनी ग्रीस भरायचं आहे. त्यापुढे दर 15 अंशांना मुदत निम्मी होते: 85 ला 4000, 100 ला 2000. प्रत्येक वेळी भरायचं किती? बाहेरचा व्यास 110 मिलिमीटर, रुंदी 27, त्यांचा गुणाकार गुणिले 0.005, म्हणजे साधारण 15 ग्रॅम. जास्त कोंबलं तर ते घुसळून बेअरिंग तापतं. ग्रीस भरल्यावर तापमान थोडं चढून उतरतं. उतरलंच नाही, तर ग्रीस जास्त झालंय असं समजा.

मुदत आठवड्यांवर आली, किंवा उष्णता बाहेर वाहून न्यायची असली, की फिरतं तेल घ्यावं. ग्रीस जागेवर राहतं. तेच त्याचं बळ, आणि तीच त्याची मर्यादा.