न पाहिलेल्या ग्रंथाची नोंद

प्रबंध तपासायला आला की मी आधी शेवटची पानं उघडतो. संदर्भसूचीवरून अभ्यासकानं काय वाचलं ते कळतं, आणि कधी कधी काय वाचलं नाही तेही.

जातिव्यवस्थेवरच्या एका प्रबंधात पहिल्याच प्रकरणात जातीच्या चार व्याख्या होत्या: एमिल सेनार, जॉन नेसफिल्ड, हर्बर्ट रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. सूचीत चौघांचे चार ग्रंथ होते. त्यातल्या सेनारच्या नोंदीपाशी मी थांबलो. ‘कास्ट इन इंडिया’, १९३०.

हे चौघे याच क्रमानं एकत्र येतात ते डॉ. आंबेडकरांच्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तो वाचला आणि १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त तो छापून आला. सेनारचं मूळ पुस्तक फ्रेंच, १८९६चं. डेनिसन रॉस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९३०चा. म्हणजे १९१६ साली वाचलेल्या निबंधातलं अवतरण चौदा वर्षांनी निघालेल्या अनुवादाच्या नावावर टाकलं होतं. अनुवादात तेच शब्द सापडतील याची काहीच खात्री नाही.

विद्यार्थिनीला विचारलं. तिनं सरळ सांगितलं, “सर, निबंध वाचला. बाकीच्यांची नावं, सालं ग्रंथालयाच्या यादीतून घेतली.” चोरीचा हेतू नव्हता. मूळ लेखकाचा मान राखावा, एवढंच तिच्या मनात होतं. पण सूचीतली नोंद म्हणजे ‘हा ग्रंथ मी पाहिला’ असं दिलेलं विधान असतं, आणि ते इथे खरं नव्हतं.

मग आम्ही चारही नोंदी पुन्हा पाहायला बसलो.

केतकरांचा ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ १९०९चा, इंग्रजीतला, सहज मिळणारा. तो तिनं आणला, व्याख्या शोधली, मागची-पुढची पानं वाचली. केतकर जातीची दोन लक्षणं देतात: सभासदत्व जन्मानंच मिळणं आणि गटाबाहेर लग्नाला बंदी. ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत, हे आंबेडकरांचं म्हणणं. मूळ ग्रंथ हाती आल्यावर केतकरांचं मत कुठलं आणि आंबेडकरांची टीका कुठली, हे तिला वेगळं मांडता आलं. केतकर सूचीत राहिले, आणि आता हक्कानं.

सेनारचं मूळ पुस्तक फ्रेंचमध्ये. ती भाषा तिला येत नाही, आणि व्याख्या तर हवीच होती. म्हणून मजकुरात तिनं असं लिहिलं: (सेनार, १८९६, उद्धृत, आंबेडकर, १९१७/१९७९), आणि पुढे तिनं वाचलेल्या खंडातला पृष्ठक्रमांक. १९७९ हे महाराष्ट्र शासनानं काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडाचं साल. नुसतं १९७९ लिहिलं असतं तर १९३०चा अनुवाद वाचकाला खटकलाही नसता, म्हणून मूळ सालही लागतं. सूचीतून सेनार गेले. तिथे राहिली एकच नोंद, आंबेडकरांची.

सामाजिक शास्त्रांत वापरली जाणारी एपीए पद्धत हेच सांगते: मजकुरात दोघांची नावं, सूचीत फक्त आपण वाचलेला. साहित्याच्या अभ्यासातल्या एमएलएचंही तेच. शिकागो पद्धतीत तळटीपेत मूळ आणि मध्यस्थ दोन्ही ग्रंथांचा पूर्ण तपशील देतात, पण मूळ मिळत असेल तर तेच पाहा, हा तिचाही आग्रह आहे.

नेसफिल्ड आणि रिस्ले यांचं काय? तिच्या पुढच्या युक्तिवादात त्यांच्या व्याख्या कुठेच येत नव्हत्या. पहिल्या प्रकरणात भर म्हणून त्या आल्या होत्या. तिनं दोन्ही अवतरणं काढली आणि आंबेडकरांनी या दोघांच्याही व्याख्या तपासल्या आहेत, असं एक वाक्य लिहिलं. हे आंबेडकरांच्या निबंधाबद्दलचं विधान झालं, त्यामुळे त्यांचाच संदर्भ पुरला. ‘उद्धृत’ शब्दाचीही गरज उरली नाही. माझ्या मते दुय्यम संदर्भांपैकी बरेचसे असेच सुटतात. आपल्याला नेमकं कोणाचं म्हणणं सांगायचं आहे, हे आधी ठरवायला हवं.

निबंधाचा मराठी अनुवाद वाचला असेल तर आणखी एक पायरी वाढते. अशा वेळी सूचीत अनुवादकाच्या नावासह तो मराठी अनुवादच येतो. इंग्रजी खंड उघडला नसेल तर त्याची नोंद करू नये. आणि फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत आलेलं सेनारचं वाक्य अवतरणचिन्हांत देऊ नये. त्याचा आशय आपल्या शब्दांत सांगावा.

स्वतःची सूची तपासायची तर पेन्सिल घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढे तो ग्रंथ कुठे पाहिला ते लिहा: ग्रंथालयाचं नाव, घरचं कपाट, किंवा पडद्यावर उघडलेली प्रत. जिथे काहीच लिहिता येणार नाही, ती नोंद सबमिट करण्याआधी काढा.